खुर्चीचा सिलिंडर बेसमधून काढताना: आधी नळी रिकामी, मग हातोडा, शेवटी पाईप पाना

प्रश्न: "ऑफिसची खुर्ची बसलं की हळूहळू खाली जाते, म्हणून नवीन हायड्रॉलिक आणलाय. जुना बेसमधून निघतच नाही. खुर्ची उलटी करून मधल्या पिनवर तासभर हातोडा मारला, क्लिप वाकली, पण सिलिंडर जागचा हलला नाही. शेजारचे काका म्हणतात, पाईप पाना लावून फिरव. बेस काळ्या प्लास्टिकचा आहे, फुटेल का? सिंहगड रोड, पुणे."

उत्तर:

हातोडा आता बाजूला ठेवा. ज्या पिनवर तुम्ही मारताय, तिचा आणि बेसमध्ये अडकलेल्या भागाचा थेट संबंध नाही. त्यामुळे अजून दोन तास मारलंत तरी हेच होईल. सिलिंडर निघेल, हातोड्यानेच निघेल, पण घाव दुसरीकडे घालायचा आहे आणि त्याआधी एक काम करायचं आहे. पाईप पान्याचा नंबर सगळ्यात शेवटी. मी गेली बावीस वर्षं पुण्यात खुर्च्या दुरुस्त करतो. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांपासून नारायण पेठेतल्या वकिलांच्या खोल्यांपर्यंत सगळीकडची कामं केली आहेत. तेवढ्यात जे हाताला कळलं, ते सविस्तर लिहितो.

आधी आत काय आहे ते बघू. आपण सगळे त्याला हायड्रॉलिक म्हणतो, दुकानातही तसंच मागतो, पण उचलण्याचं काम आतला दाबाखालचा नायट्रोजन वायू करतो. बाहेरून एकच नळकांडं दिसतं. प्रत्यक्षात ते दोन भागांचं असतं. एक बाहेरची काळी नळी, साधारण ५० मिलिमीटर व्यासाची. ती नुसती पोकळ लोखंडी नळी आहे, तिच्यात दाब वगैरे काही नाही. तिच्या आत २८ मिलिमीटरची बारीक, गुळगुळीत नळी सरकते, आणि वायू आहे तो या बारीक नळीत. तिचं वरचं टोक सीटखालच्या मेकॅनिझममध्ये बसतं. खालच्या टोकातून एक दांडा निघतो, तो बाहेरच्या नळीच्या तळाच्या भोकातून जरासा खाली येतो, आणि तिथे एक छोटी क्लिप त्याला धरून ठेवते. तुम्ही तासभर ठोकलीत ती पिन म्हणजे या दांड्याचं टोक.

बेसमध्ये अडकलेली आहे ती मात्र बाहेरची नळी. तिचं खालचं टोक किंचित निमुळतं असतं आणि बेसच्या मधल्या गोल भागाला, त्याला हब म्हणू, आतून तसाच उतार असतो. दोन्हींत ना आटे, ना स्क्रू, ना कसला डिंक. उतार इतका कमी असतो, एका बाजूला जेमतेम दीड अंश, की एकदा माणूस बसला की नळी पाचरीसारखी घट्ट होते आणि माणूस उठला तरी सुटत नाही. ड्रिल मशिनच्या चकमागे किंवा लेथच्या टेलस्टॉकमध्ये हीच युक्ती वापरतात. तुमच्या खुर्चीवर तुम्ही रोज आठ तास बसलात, म्हणजे रोज आठ तास ती पाचर स्वतःच्या वजनाने आत ठोकलीत. वर पुण्याचा पावसाळा. खुर्ची बाल्कनीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ राहिली असेल, तर सांध्यात गंज धरतो आणि गंज फुगून ती फट भरून टाकतो.

आता पिनवरचा घाव कुठे जातो ते बघा. दांडा वर ढकलला जातो, दांड्याचा धक्का वायूवर जातो, वायू स्प्रिंगसारखा दबतो, आणि उरलासुरला जोर सीटच्या स्पंजात विरतो. बाहेरच्या नळीला त्यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. वर क्लिप वाकते, दांड्याचं टोक फुलून चपटं होतं, आणि मग तो दांडा तळाच्या भोकातून निघायचा नाही म्हणतो. तुमचं हे झालंय का ते बॅटरी लावून नीट बघा. टोकाला कड आली असेल तर कानसीने घासून काढा, नाहीतर पुढचं पाऊल अडेल.

पुढचं पाऊल म्हणजे बाहेरची नळी रिकामी करणं. हातोड्याची घाई असलेले लोक नेमकं हेच गाळतात. वायू असलेला भाग आधी बाहेर काढून ठेवला की मागे उरते नुसती लोखंडी नळी. मग तिच्यावर घाव घाला, ती तापवा, तिला पाना लावा, भीती राहत नाही. आणखी एक फायदा म्हणजे दहा-पंधरा किलोची सीट वेगळी होते आणि हातात फक्त बेस उरतो. आणि एक गैरसमज दूर करतो. खुर्ची खाली जाते म्हणजे आतला वायू संपला, असं नाही. बऱ्याचदा आतला व्हॉल्व्ह नीट मिटत नसतो, वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो आणि खुर्ची बसते, पण दाब आत तसाच असतो. तुम्ही उठल्यावर लिव्हर उचललं की सीट वर येते का? येत असेल तर दाब पूर्ण शाबूत आहे असं समजून वागा.

म्हणून सुरुवात अशी करा. खुर्ची सरळ उभी करून, वर कोणी न बसता लिव्हर उचला आणि सीट जाईल तेवढी वर जाऊ द्या. आता दांडा पूर्ण बाहेर आहे, त्याला अजून झेप घ्यायला जागा नाही. यानंतर काम संपेपर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही. खुर्ची आडवी करा, खाली गोणपाट टाका. बेसच्या तळाला मधोमध ती क्लिप दिसेल. घोड्याच्या नालेच्या आकाराची असेल तर तिच्या उघड्या तोंडाच्या विरुद्ध बाजूने स्क्रू ड्रायव्हर लावून हलकेच टोला द्या, ती आडवी सरकून निघते. तुमची वाकली आहे, तेव्हा पक्कडीने धरून पिळून काढा. तुटली तरी चालेल, नव्या सिलिंडरबरोबर त्याची क्लिप लागूनच येते. मात्र चेहरा रेषेत ठेवू नका आणि क्लिपवर एक हात आडवा धरा, ती टणकन उडते आणि कपाटाखाली जाते. क्लिपमागे एखादं वायसर असेल तर तेही काढा.

मग बेस दोन्ही हातांनी धरून सरळ ओढा. बाहेरची नळी बेससकट आतल्या नळीवरून घसरत मोकळी होते. दांड्याबरोबर ग्रीसने माखलेली छर्ऱ्यांची बेअरिंग, एक-दोन वायसर आणि रबराचा एक गोळा येतो. नवा सिलिंडर पूर्ण जोडलेला असतो, त्यामुळे हे सगळं लागणार नाही, पण मी ते ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने एका वर्तमानपत्रावर मांडून ठेवतो. आतली नळी आता सीटला लटकलेली आहे. तिचं नंतर बघू.

बेस तुमच्यासमोर आहे, त्यात काळी रिकामी नळी उभी आहे. घाव घालण्याआधी दोन खुणा करा. नळी हबमध्ये शिरते तिथे पांढऱ्या मार्करने नळीभोवती एक रेघ, आणि नळीवरून हबवर उतरणारी एक उभी रेघ. नळी वर सरकली तर पहिली रेघ हबपासून सुटेल, फिरली तर दुसरी तुटेल. या खुणा नसतील तर पहिली हालचाल, जी अर्धा मिलिमीटर असते, डोळ्याला कळतच नाही. माणूस निघत आलेलं काम सोडून दुसऱ्या उपायाला लागतो, हे मी खूपदा पाहिलं आहे.

आता आधाराबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचा "फुटेल का" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुमचा बेस नायलॉनचा आहे, काचेचे तंतू मिसळलेला. तो वरून येणारं वजन छान पेलतो, कारण बसलेल्या माणसाचं वजन हबमधून पाच पायांत वाटलं जातं. पण पायांची टोकं जमिनीवर आणि घाव मध्ये, अशी स्थिती केली की प्रत्येक घावाला पाय धनुष्यासारखे वाकतात. त्याचे दोन तोटे. एक, अर्ध्याहून जास्त जोर त्या वाकण्यात जातो, सांध्यापर्यंत पोचत नाही. दोन, पाय हबला जिथे जुळतो तिथे तडा जातो. सुरुवातीच्या काळात एका कंपनीत माझ्याकडून हेच झालं. बेस जमिनीवर पालथा टाकून ठोकत होतो. सातव्या-आठव्या घावाला पायाच्या मुळाशी एक पांढरी रेघ उमटली, नखाएवढी. नायलॉन पांढरं पडणं म्हणजे तो आतून ताणला गेलाय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी खुर्ची जोडून दिली. पंधरा दिवसांनी तो पाय मोडला आणि वर बसलेल्या बाई बाजूला पडल्या. मनगटाला मार लागला. त्यांची माफी मागायला गेलो तेव्हा त्यांचा प्लास्टरमधला हात बघितला, तो अजून डोळ्यापुढे आहे. तेव्हापासून पांढरी रेघ दिसली की बेस बाद, गिऱ्हाईक कितीही म्हणालं "चालेल हो" तरी मी तो बेस परत जोडून देत नाही.

म्हणून आधार हबलाच हवा. बेस उलटा धरून बघा, चाकं वर. पाय टोकाकडे वर चढतात आणि हबचा वरचा चेहरा, जिथून नळी निघते, तो सगळ्यात खाली येतो. याचाच उपयोग करायचा. दोन जाड लाकडी पट्ट्या घ्या, दोन बाय तीन इंचांच्या, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये असले तुकडे मिळतात. त्या दोन बळकट लाकडी स्टुलांवर किंवा बांधकामावरच्या दोन सॉलिड ब्लॉकवर शेजारी शेजारी आडव्या ठेवा. मधली फट ५५ ते ६० मिलिमीटर, म्हणजे ५० मिलिमीटरची नळी मधून खाली लटकेल आणि हबची कड दोन्ही पट्ट्यांवर टेकेल. नळीखाली निदान वीतभर जागा मोकळी हवी, तिथे गोणपाटाची घडी. ब्लॉक असतील तर ते भिंतीला लावून ठेवा, नाहीतर उलटतात. पाय हवेत, कशालाच टेकलेले नाहीत, याची खात्री करा. आता प्रत्येक घाव सरळ सांध्यात जाईल.

घाव घालायचा तो नळीच्या तळाच्या कडेवर. वरून हबच्या भोकात बघितलंत की तळाची गोल कड आणि मध्ये दांड्याचं मोकळं भोक दिसेल. कड सहसा हबच्या जरा आत असते, थेट हातोडा पोचत नाही. त्यासाठी सव्वा इंची जीआय पाईपचा एक फूटभर तुकडा घ्या. बाहेरून तो ४२ मिलिमीटर भरतो, म्हणजे हबच्या भोकात जातो आणि नळीच्या कडेलगत सगळीकडून सारखा टेकतो. प्लंबिंगच्या दुकानात आट्यासाठी कापलेले तुकडे पडलेले असतात, एखादा मागून घ्या. टोकं सरळ कापलेली असावीत. तिरकं टोक असेल तर जोर एकाच बाजूला जातो आणि नळी तिरपी होऊन जास्तच आवळते. फूटभर लांबी यासाठी की पाईप धरणारा हात घावापासून लांब राहील.

हातोडा एक किलोचा हवा. घरातला खिळे ठोकायचा हातोडा इथे उपयोगाचा नाही. हलका हातोडा कितीही जोरात मारला तरी टणकन उडतो. जड हातोडा तितक्याच वेगाने आला की ढकलतो, आणि पाचर सुटायला ढकलणारा धक्का लागतो. म्हणून वीस टोले नकोत. पाय रोवून, खांद्यातून, एक पूर्ण घाव. मग थांबून रेघ बघा. पाईप पाव वळसा फिरवून दुसरा घाव. डोळ्यांवर चष्मा लावा, साधा प्लास्टिकचा चालेल. आणि एका हातोड्यावर दुसऱ्या हातोड्याने कधी मारू नका. दोन्हींची तोंडं कडक केलेली असतात, त्याचे कपचे गोळीसारखे उडतात.

कानही उघडे ठेवा. सांधा घट्ट असतो तेव्हा आवाज भरीव येतो, सगळा बेस एक तुकडा असल्यासारखा. सांधा सुटतो त्या घावाला आवाज अचानक पोकळ होतो, जणू नारळाला तडा गेला. तिथून पुढचा घाव लागतच नाही, नळी स्वतःच्या वजनाने गोणपाटावर पडते. पाचर अशीच असते, इंच इंच निघत नाही, अडून बसते आणि एका क्षणात मोकळी होते.

एक काम तपशिलात सांगतो. कोथरूडमधल्या एका शिक्षिकेची खुर्ची होती, तीन पावसाळे गच्चीच्या खोलीत राहिलेली. बेस ॲल्युमिनिअमचा. वरच्याप्रमाणे आतला भाग काढला, नळी रिकामी केली, पट्ट्यांवर बेस उलटा ठेवला. पहिले सहा घाव, रेघ जिथल्या तिथे. हबभोवती बघितलं तर तपकिरी भुकटी, म्हणजे गंज. इथे मी ठोकणं थांबवलं. सहा नीट घावांना सांधा हलला नाही तर सातव्यालाही हलत नाही, हा माझा अनुभव. गंज सोडवायचं तेल दोन्ही बाजूंनी सांध्यावर सोडलं आणि रात्रभर ठेवलं. तेल मारून पाच मिनिटांत ठोकायला लागणं व्यर्थ आहे, फट इतकी बारीक असते की तेल आत झिरपायला तासन् तास जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी चार घाव, रेघ सुमारे अर्धा मिलिमीटर सुटली आणि परत अडली. मग बाथरूममध्ये बेस नेऊन हबवर बाहेरून उकळतं पाणी ओतलं, दोन किटल्या. ॲल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तेवढ्या गरमीत ५० मिलिमीटरच्या भोकात मिळणारी सूट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीनपट असते, पण पाचरीला तेवढी पुरते. लगेच जाड हातमोजे घालून पट्ट्यांवर ठेवला आणि दुसऱ्या घावाला नळी खाली. हे पाणी ओतणं मी केलं ते नळी रिकामी होती म्हणूनच. आत वायूची नळी असताना तापवायचं नाही, पाण्यानेही नाही, आणि गॅसच्या टॉर्चने तर कधीच नाही. तुमच्या नायलॉनच्या बेसला हा उपाय करू नका. नायलॉन गरम झालं की मऊ पडतं, आणि मऊ हबवर घाव घातला की भोकाचा आकारच बिघडतो. तुम्ही तेल आणि रात्र, एवढ्यावर थांबा.

आता शेजारच्या काकांचा पाईप पाना. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पाचर फिरवली तरी सुटते, कधी कधी घावापेक्षा लवकर, कारण गंजाचा थर फिरवताना भुकटी होऊन निघतो. पण नळी भरलेली असताना पाना लावू नका, आणि हातोड्याआधी लावू नका. कारण पान्याचे दात नळीत रुततात, पातळ नळी दबून अंडाकृती होते, आणि ती एकदा अंडाकृती झाली की आतली नळी तिच्यातून सरकून बाहेर येत नाही. म्हणजे रिकामी करण्याची वाटच बंद. रिकाम्या नळीला हवं तसं चावू द्या, ती भंगारातच जायची आहे.

पाना १४ इंची किंवा १८ इंची घ्या, ५० मिलिमीटरला दोन्ही चालतात, १८ इंचीला जोर जास्त मिळतो. नळीवर रंगाचा जाड थर असतो आणि पहिल्या झटक्याला दात त्यावरून घसरतात, म्हणून हबलगतचा दोन-तीन इंच रंग कानसीने किंवा पॉलिश पेपरने खरवडून लोखंड उघडं करा. पाना हबच्या जितका जवळ तितका बरा, तिथे नळी कमी दबते. बेस सरळ ठेवा, चाकं ओढून काढलेली. पाय फिरू नये म्हणून एक पाय भिंतीला आणि दुसरा जड लाकडाला अडकवा, किंवा दोघांनी मिळून पायांवर उभं राहा, हबच्या जवळ. आटे नाहीत, त्यामुळे डावीकडे फिरवा की उजवीकडे, फरक पडत नाही. फक्त पान्याचा जबडा ज्या दिशेला आवळतो त्या दिशेला ओढा. सावकाश रेटा देण्यापेक्षा झटका चांगला, आणि ओढायचं ते स्वतःकडे, ढकलायचं नाही. पाना निसटला तर ढकलणाऱ्याची बोटं सरळ भिंतीवर जातात, माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्याचे वण आहेत. उभी रेघ तुटली, म्हणजे नळी जरा फिरली, की लगेच पाना सोडा, बेस परत पट्ट्यांवर उलटा ठेवा आणि पाईपने एक घाव. बहुतेक वेळा तो शेवटचा असतो.

नायलॉनच्या बेसला पान्याच्या मुठीत तीन फुटी पाईप घालून जोर वाढवू नका. लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमच्या बेसला मी ते करतो. नायलॉनमध्ये हबच्या आत कित्येकदा लोखंडी कडं बसवलेलं असतं, आणि फाजील जोराने नळी सुटण्याऐवजी ते कडंच नायलॉनमध्ये फिरायला लागतं. तसं झालं तर ओळखायची खूण अशी: नळी फिरते, पण वर येत नाही, आणि हबच्या आतून करकर आवाज येतो. मग तो बेस संपला. नवा बेस घ्या, त्यात नवा सिलिंडर लावा आणि जुना जोड तसाच भंगारात द्या.

राहिला सीटला लटकलेला भाग. इथे सगळं उलट आहे, कारण ही २८ मिलिमीटरची नळी म्हणजे वायूच्या भांड्याची भिंतच. तिच्यावर घाव नाही, तिला कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. वरच्या टोकाला व्हॉल्व्हचं बटण असतं, त्यावर ठोकून नळी काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. सीट आडवी ठेवा. लाकडाचा ठोकळा मेकॅनिझमच्या पत्र्यावर नळीच्या अगदी लगत धरा आणि हातोड्याने पत्रा नळीपासून दूर जाईल असा मारा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पत्र्यावर मारायचं, नळीवर नाही. हा सांधा लहान असतो, तीन-चार घावांत सुटतो. नाहीच सुटला तर नळीवर सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे घालून त्यावर पाना लावा, मेकॅनिझमच्या शक्य तितक्या जवळ, आणि फक्त हाताच्या जोराने फिरवा. निघाल्यावर ती भंगारवाल्याला द्या, पण आत दाब आहे हे त्याला सांगून द्या, कारण तो ती कटरखाली घालणार. घरात मुलं असतील तर तोपर्यंत वर उचलून ठेवा. बटण दाबलं की दांडा ३०-४० किलोच्या जोराने बाहेर येऊ शकतो.

नवा सिलिंडर बसवताना हबचं आतलं तोंड आणि सिलिंडरचा निमुळता भाग कोरड्या फडक्याने पुसा. तेल वापरलं असेल तर थिनरने तेलाचा अंश काढा, हा सांधा कोरडाच धरतो. गंजाचे पापुद्रे असतील तर पॉलिश पेपर हलका फिरवा, पण हब खरवडून मोठा करू नका. वरच्या बटणावर वाहतुकीसाठीचं प्लास्टिकचं टोपण असतं, ते काढायला लोक विसरतात आणि मग लिव्हर चालत नाही म्हणून परत सगळं खोलतात. बेसमध्ये सिलिंडर उभा ठेवा, त्यावर सीट बसवा, हातोडा लावायचा नाही. खुर्चीवर बसा आणि दोन-तीनदा अंग टाकून द्या, पाचर आपोआप बसते. पहिल्या दिवशी संध्याकाळी खुर्ची सीटला धरून उचलून बघा. बेस खाली राहिला तर सांधा बसलेला नाही, पुसून परत बसवा.

तुमच्या बेसचा एक फोटो हबच्या खालून आणि एक पायांच्या मुळापाशी काढून टाका. तासभर ठोकलंय म्हणता, तेव्हा पांढरी रेघ आली आहे का, हे पुढच्या घावाआधी बघायला हवं.